प्रकरणांचा तोल : साधनांचा की प्रश्नाचा?

एम. ए.च्या अंतिम वर्षात सादर होणाऱ्या सेमिनार-अहवालाविषयी विभागाविभागांतून एक तक्रार नेहमी ऐकू येते. अहवालाचे पहिले प्रकरण तीस-पस्तीस पृष्ठांचे, मधले नऊ-दहा पृष्ठांचे आणि उपसंहार दीड पृष्ठाचा, असा बेढबपणा परीक्षकाच्या नजरेत प्रथमदर्शनीच भरतो. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे 'प्रकरणे सारखी करा.' विद्यार्थी मग मोठ्या प्रकरणातील काही मजकूर छाटतो, लहान प्रकरणात दोन-तीन लांब अवतरणे घालतो आणि पृष्ठांची जुळवाजुळव करतो. अहवाल दिसायला नीटस होतो. परंतु ज्या कारणाने तो बेढब झाला होता, ते कारण जागच्या जागी राहते.

प्रकरणांची असमतोल लांबी हा लेखनाचा दोष नसून आखणीचा दोष असतो. बहुतेक अहवालांत प्रकरणाची लांबी त्या प्रकरणाने विषयाच्या सिद्धीसाठी किती भार उचलायचा आहे यावर ठरत नाही. त्या प्रकरणासाठी ग्रंथालयात किती साधने सहज हाती लागली यावर ठरते. जेथे पुस्तके पुष्कळ तेथे पृष्ठे पुष्कळ, जेथे साधने दुर्मीळ तेथे पृष्ठे तुटपुंजी, असा हा अलिखित नियम आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात तो विशेष घातक ठरतो. कारण ज्या भागाविषयी नवे काही सांगण्यासारखे असते, त्याच भागाची साधने बहुधा विखुरलेली असतात.

याचे एक बोलके उदाहरण म्हणजे लघुअनियतकालिकांचा विषय. 'मराठीतील लघुअनियतकालिकांची चळवळ : एक अभ्यास' या किंवा अशाच शीर्षकाने अहवाल लिहावयास घेणारा विद्यार्थी कोणत्या साधनांपाशी पोहोचतो, हे क्रमाने पाहण्यासारखे आहे. प्रथम त्याच्या हाती येतात ते वाङ्मयेतिहास : महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या इतिहासाचा १९५० नंतरच्या कालखंडाचा सातवा खंड, नवकविता आणि साठोत्तरी साहित्य यांवरील समीक्षाग्रंथ. त्यानंतर लेखकांचे संग्रह येतात. उदाहरणार्थ, भालचंद्र नेमाडे यांचे 'टीकास्वयंवर' किंवा अशोक शहाणे यांचे 'नपेक्षा'. मग मासिकांचे विशेषांक, मुलाखती आणि आठवणी. सर्वांत शेवटी, आणि पुष्कळदा कधीच नाही, प्रत्यक्ष अंक : 'शब्द', 'असो', 'वाचा', 'येरू', 'फक्त'. हे अंक थोड्या प्रतींत निघाले, हातोहात वाटले गेले, आणि ग्रंथालयांच्या वर्गणीच्या यादीत त्यांना जागा नव्हती. शं. ग. दाते यांनी सिद्ध केलेली मराठी ग्रंथसूची १९५० पर्यंत येऊन थांबते. त्यामुळे सूचीचा आधार घेऊन शोध घेण्याची नेहमीची वाटही येथे बंद होते.

अशा विद्यार्थ्यापाशी पाच महिन्यांच्या वाचनानंतर दीडशे नोंदकार्डे जमली आहेत आणि अहवालाची मर्यादा ऐंशी पृष्ठांची आहे, असे गृहीत धरू. एका पृष्ठावर सुमारे अडीचशे शब्द धरले तर हा वीस हजार शब्दांचा मजकूर होतो. रूढ आराखडा पाच प्रकरणांचा असतो : साठोत्तरी पार्श्वभूमी, चळवळीचा इतिहास, महत्त्वाची अनियतकालिके, महत्त्वाचे लेखक आणि उपसंहार. कार्डे या पाच गठ्ठ्यांत वाटली की पार्श्वभूमीकडे ५८, इतिहासाकडे ३४, अनियतकालिकांकडे १७, लेखकांकडे ३६ आणि उपसंहाराकडे ५ जातात. पृष्ठे कार्डांमागून चालत येतात : ३०, १८, ९, १९ आणि ४. ज्या विषयाच्या नावाने अहवाल नोंदवला, त्या अनियतकालिकांना ऐंशीपैकी नऊ पृष्ठे मिळतात. यात विद्यार्थ्याचा आळस नाही. ग्रंथालयाच्या कपाटांत ज्या प्रमाणात साधने होती, त्या प्रमाणात अहवाल उतरला आहे, एवढेच.

या आराखड्यातील खरी अडचण गठ्ठ्यांच्या नावांत आहे. 'पार्श्वभूमी', 'इतिहास', 'लेखक' ही साधनांच्या जातींची नावे आहेत. वाङ्मयेतिहासातून आलेले पहिल्या गठ्ठ्यात, आठवणींतून आलेले दुसऱ्यात, समीक्षेतून आलेले चौथ्यात. या नावांना कोणत्याही प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नसल्याने त्यांत काय नको, हे ठरवण्याचा निकषच उपलब्ध नसतो. पार्श्वभूमीत मर्ढेकर आले की मर्ढेकरपूर्व कविता येते, ती आली की रविकिरण मंडळ येते. कोठे थांबावे हे सांगणारे काहीच नसते. म्हणून तोल साधण्याची पहिली पायरी पृष्ठे मोजण्याची नव्हे, तर शीर्षकाचे प्रश्नात रूपांतर करण्याची आहे.

वरील विषयात असा एक प्रश्न पुढीलप्रमाणे मांडता येईल : १९५५ ते १९७० या काळात 'शब्द', 'असो' आणि 'वाचा' या अनियतकालिकांनी 'सत्यकथे'सारख्या प्रतिष्ठित मासिकाच्या संपादनव्यवस्थेला कोणता पर्याय उभा केला? प्रश्न असा बांधला की उत्तराचे टप्पे आपोआप दिसू लागतात. ज्याला पर्याय दिला ती व्यवस्था कशी होती, हे आधी सांगावे लागते. मग पर्यायाची भौतिक बाजू येते : अंक कसे निघाले, कोणी छापले, कसे वाटले. त्यानंतर त्या अंकांत प्रत्यक्ष काय छापले गेले आणि ते भाषेच्या व वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने कसे वेगळे होते, हा गाभ्याचा भाग. शेवटी या मंडळींनी आपल्या भूमिकेचे समर्थन ज्या टीकालेखनातून केले, त्याचा विचार. प्रास्ताविक आणि निष्कर्ष धरून ही सहा प्रकरणे झाली.

पृष्ठांची वाटणी यानंतर, परंतु कार्डे पुन्हा वाटण्यापूर्वी करावी. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्येक टप्प्याने उत्तराचा किती भार उचलायचा, हे साधने बाजूला ठेवून ठरवले की साधनांची विपुलता लेखकाला वाहवत नेत नाही. प्रस्तुत आराखड्यात प्रास्ताविकास ८, संपादनव्यवस्थेस १६, निर्मिती-वितरणास १८, मजकुराच्या विश्लेषणास २२, टीकालेखनास १२ आणि निष्कर्षास ४ अशी ऐंशी पृष्ठे देता येतील. येथे प्रकरणे सारखी नाहीत आणि ती तशी असण्याची गरजही नाही. गाभ्याच्या प्रकरणाला सर्वाधिक जागा मिळावी आणि मधल्या चार प्रकरणांत सर्वांत मोठे प्रकरण सर्वांत लहानाच्या दुपटीहून मोठे नसावे, एवढा दंडक पुरेसा आहे. दुपटीहून अधिक फरक पडू लागला तर बहुधा मोठ्या प्रकरणात दोन प्रश्न एकत्र झालेले असतात, किंवा लहान प्रकरण हे स्वतंत्र प्रकरण नसून दुसऱ्याचा एक उपविभाग असतो.

आता तीच दीडशे कार्डे नव्याने वाटावयाची. प्रत्येक कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात ते ज्या प्रकरणास उपयोगी पडेल त्याचा क्रमांक आणि त्याखाली ते कोणत्या विधानाचा आधार ठरेल ते एका वाक्यात लिहावे. ज्या कार्डावर असे वाक्य लिहिता येत नाही ते बाजूला ठेवावे. ही कसोटी लावली असता समजा पाच प्रकरणांना अनुक्रमे ९, ३१, १२, ३४ आणि २१ कार्डे मिळाली, निष्कर्षास स्वाभाविकच एकही मिळाले नाही आणि ४३ कार्डे बाजूला पडली. ही त्रेचाळीस बहुतांशी जुन्या पार्श्वभूमीच्या गठ्ठ्यातील असणार. ती टाकताना विद्यार्थ्याला यातना होतात, कारण त्यांमागे महिनाभराचे वाचन असते. परंतु वाचन वाया गेलेले नसते. त्याने विषयाची समज दिली, पृष्ठे मागण्याचा अधिकार मात्र दिला नाही.

या वाटणीतून एक गोष्ट स्पष्ट होते, जी जुन्या आराखड्यात दडून राहिली होती. संपादनव्यवस्थेच्या प्रकरणास सोळा पृष्ठांसाठी एकतीस कार्डे आहेत, म्हणजे पानामागे जवळजवळ दोन. निर्मिती-वितरणाच्या प्रकरणास अठरा पृष्ठांसाठी बाराच. ज्या प्रकरणात पानामागे एक कार्डही नाही, ते प्रकरण लिहावयास बसले की तेथे सामान्य विधाने, पुनरुक्ती आणि लांबलचक अवतरणे शिरणार हे निश्चित. लिहिण्यापूर्वीच हे कळले, हा या पद्धतीचा मुख्य लाभ. पृष्ठांची आखणी आणि कार्डांची संख्या यांतील तफावत म्हणजे पुढच्या महिन्यात नेमके काय शोधायचे याची यादी होय.

अशा तुटपुंज्या प्रकरणासाठी नवी पुस्तके शोधण्यापेक्षा हाती असलेलेच साधन वेगळ्या नजरेने वाचणे बहुधा अधिक फलदायी ठरते. एखादा मूळ अंक अथवा त्याची छायाप्रत मिळाली की विद्यार्थी त्यातील कविता आणि लेख टिपून घेतो व अंक बाजूला ठेवतो. परंतु निर्मिती-वितरणाच्या दृष्टीने त्या अंकाची मुखपृष्ठे, मलपृष्ठ आणि नावपट्टी हीच खरी साधने असतात. अंकावर क्रमांक आहे की नाही, महिना छापला आहे की नुसते वर्ष, किंमत आहे काय, जाहिराती आहेत काय, पत्ता कोणाच्या घरचा, अंक खिळ्यांनी छापला आहे की 'शब्द'प्रमाणे चक्रमुद्रित आहे, यांतील प्रत्येक बाब एक स्वतंत्र नोंद आहे. छापील मजकुरावर मुद्रक, प्रकाशक आणि स्थळ यांचा उल्लेख त्या काळी लागू असलेल्या १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने आवश्यक केला होता, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत चक्रमुद्रणाचाही समावेश होता. त्यामुळे अशी नावपट्टी असणे हा जसा पुरावा, तशीच ती नसणे हीदेखील नोंदवण्याजोगी गोष्ट आहे. एका अंकातून अशी पाच-सहा कार्डे सहज निघतात. तीन-चार अंक पाहावयास मिळाले तर बारांची तीस कार्डे होतात आणि प्रकरण आपल्या पायांवर उभे राहते.

कार्डांच्या संख्येवर विसंबताना दोन ठिकाणी फसगत होण्याचा संभव असतो. पहिली फसगत पुनरावृत्तीची. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली 'सत्यकथे'ची होळी ही घटना या विषयावरील जवळजवळ प्रत्येक लेखात येते. तिच्यावर आठ कार्डे जमली म्हणजे आठ पुरावे मिळाले असे नव्हे. एकाच आठवणीवरून दुसऱ्याने आणि दुसऱ्यावरून तिसऱ्याने लिहिलेले असेल, तर ते पुराव्याच्या दृष्टीने एकच कार्ड होय. असे आहे की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे : तपशिलांचा क्रम आणि विशेषणे सर्वत्र तीच आढळतात, आणि नवा तपशील एकही नसतो. उलट, तपशिलांत विसंगती दिसली तर ती शुभ मानावी. 'शब्द'च्या आरंभाचे वर्ष कोठे १९५४ तर कोठे १९५५ असे दिलेले आढळते. ही विसंगती मजकुरात लपवून ठेवण्याऐवजी प्रास्ताविकात साधनांची चर्चा करताना नोंदवावी; वाचकाचा त्यामुळे अहवालावरील विश्वास वाढतो.

दुसरी फसगत कालक्रमाची, आणि ती थेट प्रकरणरचना बिघडवते. अनियतकालिकांतील पुष्कळसे टीकालेखन पुढे संग्रहरूपाने प्रसिद्ध झाले आणि विद्यार्थी ते संग्रहातच वाचतो. नेमाडे यांचा 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' हा साठच्या दशकातील लेख. परंतु 'टीकास्वयंवर' हा संग्रह १९९० चा. कार्डावर १९९० हे वर्ष पडले, तर तो लेख १९७२ च्या 'गोलपिठा'नंतरचा आणि दलित पँथरच्या स्थापनेनंतरचा ठरतो, आणि 'चळवळीचे उत्तरकालीन समर्थन' अशा एखाद्या उपविभागात जाऊन पडतो. अशोक शहाणे यांच्या १९६३ मधील 'आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण' या लेखाचीही तीच गत होऊ शकते. म्हणून प्रत्येक कार्डावर प्रथम प्रसिद्धीचे वर्ष ठळकपणे आणि वाचलेल्या आवृत्तीचे वर्ष त्याखाली, अशी दोन वर्षे असावीत, आणि कार्डे प्रथम प्रसिद्धीच्या क्रमाने लावावीत. शक्य असेल तेथे संग्रहातील पाठ मूळ पाठाशी ताडून पाहावा. संग्रह करताना लेखक आपले जुने लेखन तसेच ठेवतो, असे गृहीत धरता येत नाही.

लेखनाच्या क्रमाविषयीही एक मुद्दा नोंदवणे आवश्यक आहे. विद्यार्थी पहिल्या प्रकरणापासून लिहावयास बसतो आणि सगळा उत्साह तेथेच खर्च करतो. गाभ्याचे प्रकरण, म्हणजे येथे मजकुराच्या विश्लेषणाचे चौथे प्रकरण, सर्वप्रथम लिहिले पाहिजे. ते लिहून झाले की संपादनव्यवस्थेच्या प्रकरणात 'सत्यकथे'विषयी नेमके काय सांगावयास हवे, हे निश्चित होते : तिचा संपूर्ण इतिहास नव्हे, तर श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली साहित्याची निवड आणि संस्कार कसे होत, एवढाच भाग चौथ्या प्रकरणातील तुलनेसाठी आवश्यक आहे. एकतीस कार्डांपैकी दहा-बारा येथेच गळतात आणि सोळा पृष्ठांची मर्यादा जाचक वाटत नाही. प्रास्ताविक सर्वांत शेवटी लिहावे. अंकांची वर्णनात्मक यादी ही कितीही परिश्रमाने केलेली असली तरी तिची जागा परिशिष्टात. ती प्रकरणात आणली की ते प्रकरण फुगते आणि युक्तिवादाचा धागा तुटतो.

या मताविरुद्ध दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला पार्श्वभूमीचे ज्ञान आहे की नाही हे परीक्षकाला कळण्यासाठी सविस्तर पार्श्वभूमी हवी. परंतु पार्श्वभूमीचे ज्ञान लेखी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांतून तपासले जातेच. अहवालातून तपासावयाची ती त्या ज्ञानाचा उपयोग करण्याची शक्ती, आणि ती निवडीतून दिसते, विस्तारातून नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मूळ अंक मिळालेच नाहीत तर काय? जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्याच्या ग्रंथसंग्रहालयांत आठवडा काढणे परवडत नाही, आणि तेथे गेल्यावरही अंक मिळतील याची शाश्वती नसते.

अशा वेळी तोल साधण्याचा प्रामाणिक मार्ग एकच आहे, तो म्हणजे प्रश्न लहान करणे. निर्मिती-वितरणाच्या प्रकरणासाठी बाराच कार्डे राहिली आणि वाढण्याची शक्यता नसली, तर अठरा पृष्ठांचा हट्ट सोडून ते आठ पृष्ठांच्या उपविभागाच्या रूपाने पुढील प्रकरणाच्या आरंभी घ्यावे, उरलेली दहा पृष्ठे ज्याची साधने संग्रहरूपाने उपलब्ध आहेत त्या टीकालेखनाच्या प्रकरणास द्यावीत आणि अहवालाचे शीर्षकही त्याप्रमाणे बदलावे : 'लघुअनियतकालिकांतील टीकादृष्टी'. टीकालेखनाचे प्रकरण आता बावीस पृष्ठांचे होते, त्यास एकवीस कार्डे अपुरी पडतात. परंतु ही उणीव गावच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातही भरून काढता येण्याजोगी आहे. शीर्षक न बदलता तेच दुबळे प्रकरण अवतरणांनी भरून अठरा पृष्ठांचे करणे, ही मात्र वाचकाची फसवणूक होय.

मार्गदर्शकाची भूमिका येथे निर्णायक ठरते. बहुतेक ठिकाणी मार्गदर्शक प्रकरणे लिहून झाल्यावर वाचतो आणि मग लांबीविषयी शेरे मारतो. तोपर्यंत दुरुस्तीची वेळ टळलेली असते. त्याऐवजी लेखनाला आरंभ होण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून एकच कागद मागावा : एका बाजूस प्रश्न, त्याखाली प्रकरणांची नावे, प्रत्येकापुढे योजलेली पृष्ठे आणि प्रत्यक्ष जमलेली कार्डे. पृष्ठे आणि कार्डे यांच्या त्या दोन रांगा शेजारी शेजारी पाहिल्या की कोणते प्रकरण फुगणार आणि कोणते कोलमडणार, हे पाच मिनिटांत समजते. विभागांनी विषय-नोंदणीच्या अर्जाबरोबर केवळ शीर्षक आणि संदर्भग्रंथांची यादी मागण्याची प्रथा सोडून, वाचनाच्या मध्यावर हा कागद सादर करणे आवश्यक केले, तर अहवालांचे पहिले प्रकरण आपोआप आटोक्यात येईल आणि विषयाला त्याच्याच अहवालात पुरेशी जागा मिळेल.